तान्ह्या पोळ्याला चढलेला ताप, कावासाकी आणि हृदयाच्या धमनीचा फुगवटा

सावली१४ (मानेवाडा, नागपूर) | १८ ऑक्टोबर, रात्री १०:१०

नमस्कार. मुलगा वीस महिन्यांचा आहे, वजन बरोबर दहा किलो. सहा आठवड्यांपूर्वी त्याला कावासाकी झाला, म्हणजे ताप येऊन हृदयाच्या धमन्यांना सूज आणणारा आजार. परवा तिसरा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. त्यावर मला काही विचारायचंय, पण आधी ताप कसा आला ते दिवसावार लिहिते. आम्ही ते आठ दिवस नुसते चाचपडत होतो, आणि तेव्हा अशी कोणाची हकीकत वाचायला मिळाली असती तर बरं झालं असतं.

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी लाकडी बैल घेऊन फिरवून आणला आणि रात्री अंग तापलं, १०३. हा पहिला दिवस. पॅरासिटामॉल दिलं की १०१ वर यायचा, तीन तासांनी परत १०३.५. पूर्ण असा उतरलाच नाही. व्हायरलचा ताप उतरला की लेकरू मधेच खेळतं, खायला मागतं. हा मात्र ताप कमी असतानाही किरकिर करायचा, कडेवरून खाली ठेवू द्यायचा नाही.

तिसऱ्या दिवशी जवळच्या डॉक्टरांनी घसा लाल बघून अँटिबायोटिक सुरू केलं. चौथ्या दिवशी डोळे लाल झाले. दोन्ही, पण चिकटा अजिबात नाही, सकाळी पापण्या चिकटलेल्या नाहीत. त्याच संध्याकाळी पोटावर आणि डायपरच्या जागी पुरळ. अँटिबायोटिकची अ‍ॅलर्जी असेल म्हणून ते बदललं. पाचव्या दिवशी डेंग्यूची तपासणी केली, निगेटिव्ह. प्लेटलेट तीन लाख दहा हजार. घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

सहाव्या दिवशी डोळे निवळले, म्हणून मला वाटलं उतार पडतोय. पण ओठ लालभडक होऊन चिरले, दूध पिताना रक्त यायचं. त्याच्या पायात चांदीचे वाळे आहेत, एरवी गरगर फिरतात. त्या दिवशी आंघोळीला काढायला गेले तर निघेनात. पाय फुगले होते, तळवे लाल. सातव्या दिवशी डाव्या दंडावरची बीसीजीची खूण लाल आणि टणक झाली, जशी लस दिल्यावर दीड-दोन महिन्यांनी झाली होती तशी.

आठव्या दिवशी धंतोलीत दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आज डोळे लाल नाहीत, पण मधे झाले होते का? फोटो आहे का?" फोटो होता, आजीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला. त्यांनी तो मोठा करून पाहिला. बुबुळाभोवती पांढरी कड उरली होती, ती मला दाखवली. मग बीसीजीची खूण पाहिली आणि लगेच भरती करून घेतलं.

रक्तात सूज दाखवणारा सीआरपी १४०, प्लेटलेट पाच लाख ऐंशी हजार. इकोमध्ये डावीकडची पुढची धमनी २.५ मिमी, म्हणजे त्याच्या अंगाच्या मानाने मोठी, झेड स्कोअर ३.३. त्या रात्री शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन हे औषध दिलं. पुढचं उद्या लिहिते, बाळ उठलंय.

---

विदर्भवीर | १८ ऑक्टोबर, रात्री १०:५५

ताई, वाचून काळजात धस्स झालं. माझ्या साळ्याच्या पोराला करोनानंतर हेच झालं होतं, मेडिकलला भरती होता. डॉक्टर म्हणाले होते की दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन गेलं की हृदयाला काही होत नाही, आणि दहा दिवस उलटले की देऊन उपयोग नाही. तुमचं आठव्या दिवशी झालं, म्हणजे वेळेत. आता कायले टेन्शन घेता? ताप उतरला म्हणजे आजार गेला.

---

रेवती_प्र | १८ ऑक्टोबर, रात्री ११:२०

माझ्या मुलीला सतत सर्दी-शिंका असतात. रक्तात इम्युनोग्लोब्युलिन ई ९०० आलंय, खूप जास्त म्हणाले. मग तिलाही हे इंजेक्शन देतात का? की तिच्यात आधीच जास्त आहे म्हणून द्यायचं नसतं? कृपया सांगा.

---

जुना_स्टेथो | १९ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

मी बालरोगतज्ज्ञ. नागपुरात तीस वर्षं लहान मुलं तपासली, आता निवृत्त.

सावलीताई, तुम्ही दिवसावार लिहिलंत ते फार मोलाचं आहे. हा आजार चुकतो तो लक्षणं नसतात म्हणून नाही. ती एकाच दिवशी एकत्र उभी राहत नाहीत म्हणून. डोळे चौथ्या दिवशी येऊन सहाव्याला जातात, ओठ सहाव्याला फुटतात, हातपाय त्यानंतर. दर दिवशी नवा डॉक्टर बघितला तर प्रत्येकाला एकेकच तुकडा दिसतो. कोणी घसा म्हणतो, कोणी अ‍ॅलर्जी, कोणी आय फ्लू. आपल्याकडे पोळ्यापासून दिवाळीपर्यंत डेंग्यू आणि स्क्रब टायफस दोन्ही असतात, त्यामुळे पहिले पाच दिवस तिकडेच जातात. ते तपासायलाच हवेत, त्यात चूक नाही. पण डेंग्यूत पाचव्या-सहाव्या दिवशी प्लेटलेट पडतात. इथे आधी ठीक असतात आणि दुसऱ्या आठवड्यात चढतात. प्लेटलेट चांगल्या आहेत म्हणून घरच्यांना हायसं वाटतं, आणि नेमक्या त्याच वेळी धमनीच्या भिंतीला सूज येत असते.

नियम म्हणून पाच दिवसांचा ताप आणि पाचपैकी चार खुणा धरतात: डोळे, ओठ-जीभ, पुरळ, हातपाय, आणि मानेत एका बाजूला दीड सेंटिमीटरच्या वरची गाठ. "आज" चार दिसल्या पाहिजेत असं कुठेही लिहिलेलं नाही. येऊन गेलेली खूणही मोजायची. म्हणून त्या डॉक्टरांनी फोटो मागितला. बीसीजीची खूण या पाचांत नाही, पण आपल्याकडे प्रत्येक बाळाला जन्मतः बीसीजी दिलेली असते, त्यामुळे ती लाल-टणक झालेली दिसली की मी तरी दुसरं काही होण्याआधी कावासाकीचा विचार करायचो.

आता विदर्भवीर. तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. दहा दिवसांच्या आत दिलं तर फायदा सर्वांत जास्त, हे खरं. उपचार न झालेल्या चारांपैकी साधारण एका मुलाच्या धमनीत फुगवटा येतो. वेळेत औषध मिळालं तर हे प्रमाण शंभरात चार-पाचावर येतं. शून्यावर नाही. सावलीताईंच्या बाळाचा झेड स्कोअर औषधाआधीच ३.३ होता, म्हणजे गाडी आधीच सुटली होती. आणि दहा दिवसांनंतर उपयोग नाही, हे तर चूक. अकराव्या, चौदाव्या दिवशीही ताप चालू असेल, किंवा सीआरपी चढलेला असून धमनीत फुगवटा असेल, तर देतात. "दहा दिवस झाले, आता राहू द्या" असं ऐकून लोक घरी गेलेले मी पाहिलेत.

करोनानंतर जे झालं तो एमआयएस-सी. चेहरा सारखा, उपचारही बरेचसे सारखे, पण तो मोठ्या मुलांत जास्त, पोटदुखी-जुलाब आणि रक्तदाब पडणं जास्त, आणि प्लेटलेट बहुधा कमी. तुमच्या नातलगाला नेमकं काय होतं ते डिस्चार्ज कार्डावर बघा.

रेवतीताई, तुमच्या मुलीच्या रक्तातलं ई हे अ‍ॅलर्जीशी जोडलेलं आहे. इथे शिरेतून देतात ते हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेलं जी. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. तिला हे देत नाहीत. तिच्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे लिहीन.

---

केमिस्ट_महाल | १९ ऑक्टोबर, दुपारी १:३०

याच्या बाटल्या पुरवण्याचं काम रोजचं असल्याने थोडं लिहितो. डोस किलोला दोन ग्रॅम, एकदाच. दहा किलोच्या बाळाला वीस ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या चार बाटल्या. पाच टक्क्यांचं द्रावण असेल तर प्रत्येक बाटली शंभर मिलि, एकूण चारशे. दहा ते बारा तासांत हळूहळू जातं. सुरुवातीला थेंब फार कमी ठेवतात आणि दर थोड्या वेळाने वाढवतात, कारण घाईने दिलं तर थंडी वाजते, ताप येतो, बीपी पडतं.

नातेवाईक रात्री धावत येतात आणि बाटल्या घेऊन गाडीच्या डिकीत टाकून निघतात. असं करू नका. बहुतेक कंपन्यांचा माल २ ते ८ डिग्रीत ठेवायचा असतो, तेव्हा बर्फाच्या पॅकसोबत न्या. पण बाटली बर्फाला थेट टेकवू नका, गोठली तर वाया गेली. हलवूही नका, फेस येतो. चारही बाटल्या एकाच कंपनीच्या घ्या आणि प्रत्येकीवरचं बॅचचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवून घ्या. किंमत कंपनीप्रमाणे बरीच बदलते, एक मिळाली नाही तर दुसरी विचारा. योजनेत बसतं का हे दुकानात कळत नाही, दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारायचं, भरती झाल्या झाल्या.

---

सावली१४ | १९ ऑक्टोबर, रात्री ९:४५

डॉक्टरकाका, केमिस्टदादा, दोघांचेही आभार. आम्ही बाटल्या बर्फातच आणल्या होत्या. चार बाटल्यांना साठ हजारांच्या वर गेले.

पुढचं सांगते. रात्री अकराला सुरू झालं, सकाळी अकराला संपलं. दुपारी बाळाचा ताप ९८.८. आठ दिवसांत पहिल्यांदा तो माझ्याकडे बघून हसला. आम्ही घरी फोन केले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला परत १०१. मी रडायला लागले. डॉक्टर म्हणाले, अजून वीसच तास झालेत, आत्ताचा ताप मी मोजणार नाही, औषधाचाही असू शकतो. छत्तीस तासांची वाट बघू. एकेक तास लिहून ठेवत बसले. छत्तीस तास रात्री अकराला पूर्ण झाले, तेव्हा १००.८. पहाटे तीनला १०२.

मग त्यांनी दोन पर्याय सांगितले. त्याच औषधाचा दुसरा डोस, म्हणजे परत चार बाटल्या, किंवा इन्फ्लिक्सिमॅब नावाचं सूज दाबणारं दुसरं औषध. दहा किलोला एकच शंभर मिलिग्रॅमची बाटली पुरते म्हणाले. छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी करून ते दिलं. बारा तासांत ताप गेला तो गेलाच.

पंधराव्या दिवशी हाताच्या बोटांची नखांच्या कडेपासून साल निघायला लागली, मेणाच्या पापुद्र्यासारखी. दुसरा इको त्याच सुमारास झाला: धमनी ३.१ मिमी, झेड स्कोअर ५.८. ताप नाही, बाळ खेळतंय, जेवतंय, आणि धमनी मात्र वाढलेली. परवाच्या तिसऱ्यात २.९, झेड ५.

माझे प्रश्न असे. ताप गेल्यावरही धमनी का वाढली? दुसऱ्या वेळी इम्युनोग्लोब्युलिनच घ्यायला हवं होतं का, पैशांमुळे माझं काही चुकलं का? आणि आता हे किती वर्षं?

---

जुना_स्टेथो | २० ऑक्टोबर, सकाळी ६:५०

शेवटच्या प्रश्नाला थोडा वेळ द्या. आधी मधला, कारण तो तुम्हाला खात असणार.

तुमचं काही चुकलेलं नाही. इम्युनोग्लोब्युलिननंतर छत्तीस तासांनी ताप टिकला किंवा परत आला तर त्या मुलाने पहिल्या डोसला दाद दिली नाही असं धरतात. दहापैकी एक-दोन मुलांत असं होतं. पुढे काय द्यायचं यावर जगभर एकमत नाही. कोणी दुसरा डोस देतात, कोणी स्टिरॉइड, कोणी इन्फ्लिक्सिमॅब. अमेरिकेतल्या एका चाचणीत दुसरा डोस आणि इन्फ्लिक्सिमॅब यांची थेट तुलना झाली. इन्फ्लिक्सिमॅबवर ताप लवकर गेला, धमन्यांत मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. म्हणजे पैसे वाचले म्हणून धमनी वाढली, असं म्हणायला आधार नाही.

एक मात्र आहे. पहिल्याच इकोत झेड अडीचच्या वर असेल तर हल्ली बरेच जण पहिल्या डोससोबतच स्टिरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅब जोडतात, तापाची वाट न बघता. तुमच्या डॉक्टरांनी ते का केलं नाही याची कारणं त्यांच्याकडे असतील. पुढच्या भेटीत शांतपणे विचारा, दोष म्हणून नको.

पहिला प्रश्न. ताप ही सुजेची बाहेरची बाजू आहे. भिंतीच्या आत शिरलेल्या पेशींनी तिचे लवचिक थर आधीच तोडलेले असतात. ताप उतरल्यावर सूज निवळते, पण कमकुवत झालेली भिंत आतल्या रक्ताच्या दाबाने आणखी काही आठवडे ताणली जाते. म्हणून दुसरा इको एक-दोन आठवड्यांनी आणि तिसरा चार ते सहा आठवड्यांनी करायचा. सर्वांत मोठं माप साधारण याच काळात मिळतं. तुमच्या बाळाचं ३.१ वर थांबून २.९ ला आलं, हे मला चांगलं वाटतं.

एवढंही लक्षात ठेवा की मिलिमीटर आणि झेड वेगळे आहेत. झेड म्हणजे त्याच्या अंगाच्या आकाराच्या मुलाची धमनी जेवढी असायला हवी त्याच्या मानाने किती जास्त. म्हणून प्रत्येक इकोच्या दिवशी उंची आणि वजन नव्याने मोजायला लावा. जुनं वजन टाकून काढलेला झेड मी कितीतरी कागदांवर पाहिलाय. आणि रडणाऱ्या मुलाचा इको निरुपयोगी. झोपेचं औषध देऊन, शांत झोपल्यावरच माप घ्यायचं, एक तास थांबावं लागलं तरी.

---

अमरावतीची_माय | २० ऑक्टोबर, सकाळी ११:०५

धागा वाचून हातपाय गळाले. बाळ चार महिन्यांचं, आज तापाचा सातवा दिवस. पुरळ नाही, डोळे-ओठ ठीक. लघवीत पस सेल आले म्हणून काल तोंडाने औषध दिलं. लक्षणं नाहीत म्हणजे कावासाकी नाही ना?

---

जुना_स्टेथो | २० ऑक्टोबर, सकाळी ११:२०

ताई, इथे थांबू नका, आजच जा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात हा आजार नुसता ताप घेऊन येऊ शकतो, बाकी खुणा न दाखवता, आणि धमनीचा धोका याच वयात सर्वांत जास्त. सात दिवसांचा विनाकारण ताप असेल तर खुणा नसल्या तरी सीआरपी आणि इको करायचा. लघवीतल्या पस सेलवर पूर्ण विसंबू नका, कावासाकीतही ते येतात, पण कल्चरमध्ये जंतू उगवत नाहीत. कल्चर पाठवलं होतं का? नसेल तर डॉक्टरांना सांगा की तोंडाचं औषध एक दिवस गेलेलं आहे, रिपोर्ट वाचताना ते लागतं. दुसरं काही असण्याचीच शक्यता जास्त आहे, पण ते बघून ठरवू द्या.

---

अनिकेत_बुटीबोरी | २० ऑक्टोबर, रात्री १०:३०

सावलीताई, "किती वर्षं" याला माझं उत्तर चालेल का बघा. मी सत्तावीस वर्षांचा आहे. तीन वर्षांचा असताना बारा-तेरा दिवस ताप होता, गोवर म्हणून सांगितलं, ताप आपोआप गेला. चोविसाव्या दिवशी बोटांची साल निघाली तेव्हा आईने मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. इकोत उजव्या धमनीत ९ मिमीचा फुगवटा. इम्युनोग्लोब्युलिन मिळालंच नाही, वेळ गेली होती.

आठ मिलिमीटरच्या वर, किंवा झेड दहाच्या वर, म्हणजे जायंट. त्यात रक्त संथ फिरतं आणि गुठळी होते, म्हणून मला अ‍ॅस्पिरिनसोबत वॉरफॅरिन आहे, आजही. रक्त किती उशिरा गोठतं ते दाखवणारा आयएनआर दोन ते तीनच्या मधे ठेवायचा. लहानपणी दर आठवड्याला सुई, आता दीड महिन्याला. पालक, मेथी बंद नाही, पण रोज साधारण सारखीच. लग्नसराईत जेवण बदललं की माझा आयएनआर लगेच सांगतो. क्रिकेट टेनिसच्या चेंडूने खेळतो, लेदरच्या नाही. कबड्डी कधीच नाही.

लहानपणी इको पुरायचा. नंतर छाती मोठी झाली तसं धमनीचा पुढचा भाग इकोत दिसेना. बाराव्या वर्षी पहिली सीटी अँजिओ, अठराव्या वर्षी दुसरी. दुसऱ्यात फुगवट्याच्या भिंतीत कॅल्शियम जमलेलं दिसलं, अंगठीसारखं गोल. सोबत ट्रेडमिलवर ताण देऊन तपासणी. आजवर ठीक.

खरी अडचण झाली ती अठराव्यानंतर. मोठ्या माणसांच्या हृदयाच्या ओपीडीत गेलो तर एक जण म्हणाले, कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, वय एवढंसं, वॉरफॅरिन बंद करू. मी सगळी फाइल उघडून दाखवली तेव्हा ऐकलं. ताई, फाइल सांभाळा. प्रत्येक इकोची सीडी मागून घ्या, नुसता कागद नको.

---

सावली१४ | २० ऑक्टोबर, रात्री ११:१५

अनिकेत, वाचून डोळे भरून आले. तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. त्याला सध्या ७५ ची अर्धी गोळी रोज आहे, अ‍ॅस्पिरिन. आधी तापात दिवसातून चार वेळा मोठा डोस होता, ताप जाऊन दोन-तीन दिवस झाल्यावर कमी केला. त्याला पुन्हा सर्दीताप आला तर आयबुप्रोफेन चालेल का? आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस राहिलाय, अंगणवाडी ताई दोनदा येऊन गेल्या.

---

जुना_स्टेथो | २१ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

दोन्ही प्रश्न नेमके आहेत.

आयबुप्रोफेन नको, ते अ‍ॅस्पिरिनचं प्लेटलेटवरचं काम अडवतं. तापाला पॅरासिटामॉल. कांजिण्या किंवा फ्लू झाला, किंवा घरात-शेजारी कोणाला कांजिण्या झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. अशा वेळी अ‍ॅस्पिरिनवर असलेल्या मुलाच्या यकृताला आणि मेंदूला इजा होऊ शकते, फार क्वचित, पण गंभीर. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करायची नाही, पर्याय ते सांगतील. फ्लूची इंजेक्शनवाली लस दरवर्षी घ्या, घरच्या सगळ्यांनी.

गोवर-रुबेला, कांजिण्या या जिवंत लसी इम्युनोग्लोब्युलिननंतर अकरा महिने थांबवायच्या. त्या वीस ग्रॅममध्ये दात्यांचे गोवरविरोधी प्रतिपिंड असतात, ते लसीचा विषाणू वाढूच देत नाहीत आणि लस वाया जाते. तुमचा हिशेब पुढच्या ऑगस्टमध्ये येतो. अंगणवाडी ताईंना डिस्चार्ज कार्ड दाखवा आणि लसीकरण कार्डावर तारीख लिहून घ्या, त्यांच्या यादीत तो "राहिलेला" दिसत राहणार. बाकीच्या, जिवंत नसलेल्या लसी वेळेवर. पोलिओचे थेंबही चालतात.

पुढचं. तुमचा फुगवटा मध्यम गटात आहे, झेड पाच ते दहा. वॉरफॅरिनची गरज सहसा जायंटमध्ये. तुम्हाला अ‍ॅस्पिरिन, त्यासोबत क्लोपिडोग्रेल द्यायचं का यावर डॉक्टरांची मतं वेगळी असतात. ज्याच्या धमनीला काहीच झालं नाही त्याचं अ‍ॅस्पिरिन सहा-आठ आठवड्यांनी थांबतं. तुमचं थांबणार नाही. निम्म्याहून जास्त फुगवटे पहिल्या एक-दोन वर्षांत मापाने पूर्ववत होतात, लहान असतील तर आणखी सहज.

पण मापाने पूर्ववत झालेली धमनी ही कधीच न फुगलेल्या धमनीसारखी नसते. आतलं अस्तर जाड होऊन पोकळी भरून आलेली असते, बाहेरून व्यास बरोबर दिसतो. ती गरज पडल्यावर नीट पसरत नाही, पुढे अरुंदही होऊ शकते. म्हणून "इको नॉर्मल, आता येऊ नका" हे तुमच्या बाबतीत कोणी म्हटलं तरी ऐकायचं नाही. भेटी विरळ होतील, संपणार नाहीत.

---

विदर्भवीर | २१ ऑक्टोबर, दुपारी ४:४०

काका, कार्ड काढून पाहिलं. वय नऊ वर्षं, प्लेटलेट ९० हजार, पोटदुखी. निदान एमआयएस-सीच लिहिलंय. मी दोन्ही एकच समजून राहिलो होतो. साळ्याला सांगितलं, शेवटचा इको राहिला होता, या आठवड्यात करून घेतो म्हणाला.

पण एक सांगा, हा कावासाकी कशानं होतो? तुम्ही कारण कुठेच लिहिलं नाही.

---

जुना_स्टेथो | २१ ऑक्टोबर, रात्री ८:३०

कारण अजून कोणालाच सापडलेलं नाही. तोमिसाकु कावासाकी या टोकियोच्या डॉक्टरांनी पहिला रुग्ण १९६१ मध्ये पाहिला, चार वर्षांचा मुलगा. निदान न करताच घरी सोडावं लागलं. नंतर तशीच मुलं दिसत गेली तसं ते टिपत गेले आणि १९६७ मध्ये पन्नास मुलांची नोंद छापली. हृदयाचा संबंध तेव्हा त्यांनाही स्पष्ट नव्हता, नंतर अचानक दगावलेल्या मुलांच्या शवविच्छेदनात धमन्यांतले फुगवटे आणि गुठळ्या दिसल्या. २०२० मध्ये ते गेले. एखाद्या संसर्गाने मुलाची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच धमन्यांवर उलटते, अनुवंशाचा त्यात वाटा असतो, इथपर्यंत बहुतेकांचं पटतं. तो संसर्ग कोणता, ते माहीत नाही. इम्युनोग्लोब्युलिन नेमकं कसं काम करतं तेही पूर्ण कळलेलं नाही. मुलाकडून मुलाला लागत मात्र नाही.

---

अमरावतीची_माय | २३ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

परवा भरती केलं. इको नॉर्मल, सीआरपी ६०. सुदैवाने औषध सुरू करण्याआधीच लघवीचं कल्चर पाठवलेलं होतं, त्यात जंतू उगवले. सुईवाटे औषध चालू आहे, कालपासून ताप नाही. आठवड्याने परत इको करू म्हणाले, वयामुळे. काका, सावलीताई, तुमच्यामुळे मी उशीर केला नाही.

---

सावली१४ | ३० ऑगस्ट, रात्री ९:२०

धागा वर आणतेय. मधे तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी इको झाले, २.६ आणि २.४. आज वर्षाचा इको झाला. उंची-वजन तिथेच मोजायला लावलं, आता साडेबारा किलो. झोपेचं औषध पिऊन दीड तासाने झोपला, तोपर्यंत आम्ही बसून राहिलो. धमनी २.२ मिमी, झेड १.५.

डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन चालूच ठेवलंय. थांबवायचं का ते पुढच्या वेळी ठरवू म्हणाले, त्यांचंही अजून नक्की नाही. मी अठराव्या वर्षाचं आणि सीटीचं विचारलं, तर म्हणाले, एवढ्या लांबचं विचारणारी आई क्वचित भेटते. मी म्हटलं, बुटीबोरीच्या एका मुलाने शिकवलं.

गोवर-रुबेलाचा डोस पंधरा दिवसांपूर्वी झाला. इकोच्या सीड्या पाच जमल्यात, पहिल्या इकोची तेवढी मिळाली नाही, मशीनमधून पुसली गेली म्हणाले. डॉक्टरकाका, तो पहिला नसला तर पुढे काही अडेल का?